छापू का तुमचं नाव?

रविवारी सकाळी साडेआठला मावशीचा फोन आला की समजायचं, काहीतरी शिजतंय. आणि ते पोहे नाहीत.

‘अगं, वेबसाइट करतोय आपण दुकानाची. तू मास कॉम केलंयस ना? मग एक मेसेज लिहून दे. गिऱ्हाइकांकडून दोन चांगले शब्द मागायचेत.’

मास कॉम केलं की घरातल्या सगळ्या लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा आणि श्रद्धांजलीचे मजकूर आपल्याच गळ्यात पडतात, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. त्यात आता ही भर. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, दुपारी जेवायलाच येते. (मावशीकडे रविवारी कोंबडी असते. फ्रीलान्सरने अशी कामं नाकारू नयेत.)

मावशीचं दुकान म्हणजे ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीतली तळमजल्यावरची खोली. दोन मशिनं, एक मदतनीस, भिंतीवर कागदी पॅटर्न आणि बावीस वर्षांच्या मापांच्या वह्या. ती ब्लाउज शिवते. फक्त ब्लाउज. ‘पंजाबी ड्रेस शिवता का?’ असं विचारणारीला ती रस्त्यापलीकडच्या दुकानाचा पत्ता देते. जाहिरात कधी केली नाही. आता मावसभावाने कॉलेज संपता संपता तिला वेबसाइट करून द्यायचं मनावर घेतलंय.

मी पोचले तर कळलं, एक मेसेज आधीच गेलाय. आमच्या इंजिनीयरसाहेबांनी शनिवारी रात्री स्वतःच लिहून एकशेचाळीस जणींना ब्रॉडकास्ट केला होता. तो असा:

‘प्रिय मौल्यवान ग्राहक, आमची नवीन वेबसाइट लवकरच आपल्या सेवेत रुजू होत आहे! आपला बहुमोल अभिप्राय देऊन आम्हास प्रोत्साहित करावे. आपला अभिप्राय वेबसाइटवर प्रकाशित केला जाईल. चांगल्या अभिप्रायास फॉल-पिको मोफत!!’

उत्तरं आली होती अकरा. त्यात सहा अंगठे आणि नमस्कार. तीन ‘छान’. एक ‘कोण?’. आणि एक: ‘माझा मोरपंखी ब्लाउज कधी मिळणार?’

मावशीचं तोंड उतरलं होतं. ‘बावीस वर्षं शिवतेय आणि अकरा जणी?’

खरं तर तेवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपचं ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतं ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय. बायका मावशीला फोन करत नाहीत, थेट दुकानात येऊन उभ्या राहतात. बऱ्याच जणींना मेसेज पोचलाच नसणार. पण ज्यांना पोचला त्यांनी तरी काय लिहायचं? मेसेजमध्ये प्रश्नच नव्हता. ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की माणूस शाळेतल्या निबंधासारखा अवघडतो आणि अंगठा दाखवून मोकळा होतो.

म्हणून मी मावशीलाच विचारलं, ‘तुझ्याकडे पहिल्यांदा येणारी बाई काय घाबरत असते?’

‘दोनच गोष्टी. ब्लाउज बिघडेल आणि वेळेवर मिळणार नाही.’ मग थोडं थांबून, ‘आणि उरलेलं कापड शिंपी ढापतो, ही तिसरी.’

झालं. मेसेजमधला प्रश्न मिळाला. ‘आमची सेवा कशी वाटली’ हा प्रश्न कोणाचाच नसतो. ‘पहिल्या ट्रायलला बसला का’ हा सगळ्यांचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. मावसभावाचं म्हणणं, ब्लाउज हातात देतानाच अभिप्राय मागावा, तेव्हा बाई खूश असते. मावशीने त्याला वेड्यात काढलं. हातात देताना ब्लाउज फक्त आरशासमोर दोन मिनिटं घातलेला असतो. तो चार तास घालून, हात वर करून, जेवायला बसून बघितलेला नसतो. आणि धुतलेला तर नसतोच. सुती अस्तर आधी भिजवून आटवलं नसेल, तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. खरी परीक्षा तिथे. म्हणून आम्ही मापांच्या वहीतून अशा बायका काढल्या, ज्यांनी पंधरा दिवस ते तीन महिन्यांपूर्वी ब्लाउज नेला होता. त्याच्या आधीचं कोणाला आठवत नाही आणि नंतरचं अजून कपाटात असतं. नावं निघाली चौतीस.

फॉल-पिको मोफत मी खोडलं. पहिलं कारण म्हणजे सरळ अक्कल. ‘चांगल्या’ अभिप्रायाला बक्षीस ठेवलं की मिळतं ते कौतुक नसून फॉल-पिकोची पावती असते, आणि वाचणाऱ्याला त्याचा वास येतो. दुसरं, नियमही तसेच झालेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक आलं. ते ऐच्छिक आहे, मावशीच्या दारात कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. पण पैसे मोजून घेतलेले किंवा भाड्याने लिहून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, ही त्यातली मूळ कल्पना आहे. गूगलवरच्या अभिप्रायांसाठी सूट किंवा फुकट वस्तू द्यायला तर गूगलच्या धोरणातच मनाई आहे.

मग नवीन मेसेज लिहिला. ब्रॉडकास्ट नाही, एकेकीला वेगळा, तिच्या ब्लाउजचं नाव घेऊन:

‘नमस्कार ताई. गेल्या महिन्यात तुमच्या भाचीच्या लग्नासाठी जांभळ्या पैठणीवरचा ब्लाउज शिवला होता. आता घालून झाला असेल, म्हणून विचारते. पहिल्या ट्रायलला बसला की दुरुस्ती लागली? ठरल्या दिवशी मिळाला का? दोन-तीन ओळी लिहा, बोलता तशाच. काही चुकलं असेल तर तेही लिहा. दुकानाची वेबसाइट करतेय. तुमचं लिहिलेलं तिथे घ्यावंसं वाटलं, तर आधी तुम्हाला दाखवून विचारेन. विचारल्याशिवाय काही टाकणार नाही. लिहायला जमलं नाही तरी काही हरकत नाही.’

मावसभाऊ म्हणाला, ‘एवढा मोठा?’ म्हटलं, बाबा रे, यातली अर्धी वाक्यं तुझ्या उद्गारचिन्हांपेक्षा कमी जागा घेतात.

जेवण झालं, कोंबडी फर्मास होती, मी निघणार तेवढ्यात त्याने लॅपटॉप फिरवून मला वेबसाइट दाखवली. अजून लोकांसाठी खुली झालेली नव्हती. पहिलंच पान. वर मावशीचा फोटो आणि खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’. त्यात मावशीच्या फोनमधल्या जुन्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट. प्रत्येकावर त्या बाईचं नाव आणि गोल चौकटीतला फोटो. एकावर तर नाव सेव्ह नव्हतं म्हणून अख्खा मोबाइल नंबर!

आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या चौकटीत, एक लांब मेसेज. मी वाचला आणि पुन्हा खाली बसले.

लिहिणारीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. एका बाजूचं. त्यानंतर दोन वर्षं तिने साडी नेसली नव्हती, कारण जुने ब्लाउज होत नव्हते आणि नवं माप द्यायला जायची हिंमत नव्हती. मुलीच्या लग्नासाठी ती मावशीकडे आली. मावशीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मदतनीस मुलीला चहा आणायला पाठवलं आणि दोन्ही हातांची मापं वेगवेगळी घेतली. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज राहू शकते. त्यामुळे एकाच मापाच्या दोन बाह्या चालत नाहीत. मुंढा वर घेतला, गळा व्रण झाकेल इतपत वळवला, आणि अस्तराला आतून एका बाजूला सुती कापडाचा कप्पा शिवला, कृत्रिम पॅड जागेवर राहील असा. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तिने मावशीला हे सगळं लिहून पाठवलं होतं.

‘मस्त आहे ना?’ मावसभाऊ म्हणाला. ‘बेस्ट रिव्ह्यू आहे हा!’

होताच. त्यात वादच नाही. प्रश्न एवढाच होता की तो रिव्ह्यू नव्हता. ते एका बाईने दुसऱ्या बाईला लिहिलेलं पत्र होतं.

मावशीला मी विचारलं, तिला विचारलंस का? मावशी गोंधळली. ‘अगं, तिने स्वतःच तर पाठवलं. चांगलंच लिहिलंय. तिला राग का येईल?’

इथे बहुतेक सगळे चांगले लोक घसरतात. आपल्याला आलेला मेसेज आपला, असं वाटतं. पत्र आपलं असतं, कागद आपला असतो, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तसंच धरतो, आणि फोनवर आलं म्हणून त्यात फरक पडत नाही. शिवाय नाव, फोटो, नंबर ही वैयक्तिक माहिती. त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात संमतीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, नेमक्या कामासाठी हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, बिनशर्त हवी आणि स्पष्ट कृतीतून दिसलेली हवी. शिवाय जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.

आता यावर शनिवारचा तो मेसेज ठेवून बघा. ‘आपला अभिप्राय प्रकाशित केला जाईल.’ कुठे? कोणत्या नावाने? पूर्ण की कापून? नको असेल तर? काहीच नाही.

पण मावशीला कायदा सांगायची गरज पडली नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, ‘त्या दिवशी मी शटर ओढलं होतं रे. तू उघडलंस.’

त्याने लॅपटॉप मिटला.

त्या रात्री दुसरा मेसेज लिहिला, परवानगीचा. पहिल्याचं उत्तर आल्यावर, आणि ते वापरावंसं वाटलं तरच पाठवायचा. दोन वेगळे मेसेज का? कारण अभिप्राय मागतानाच ‘छापू का?’ विचारलं की लोक छापण्यासाठी लिहितात. भाषा इस्त्री केल्यासारखी होते. पहिल्यांदा मोकळं लिहू द्यावं, हेतू मात्र लपवू नये. त्यात तोटाही आहे. दुसऱ्या पायरीवर काही जणी गळतात. गळू द्याव्यात.

‘ताई, तुम्ही लिहिलंत त्यातल्या या ओळी वेबसाइटवर घ्यायची इच्छा आहे: (इथे ओळी जशाच्या तशा). नाव कसं लिहू? १. पूर्ण नाव. २. फक्त पहिलं नाव. ३. नाव नको. फोटो आणि नंबर टाकणार नाही. या ओळी फक्त वेबसाइटच्या अभिप्रायांच्या पानावर असतील, दुसरीकडे वापरायच्या झाल्या तर पुन्हा विचारेन. पुढे कधीही नकोसं वाटलं तर ‘काढा’ एवढंच लिहा, दोन दिवसांत साइटवरून काढते, कारण विचारणार नाही. ‘नको’ म्हणालात तरी तुमच्या कामात काही फरक पडणार नाही.’

‘साइटवरून’ हा शब्द मुद्दाम आहे. एकदा इंटरनेटवर गेलेलं सगळीकडून पुसता येत नाही. कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो राहतोच, आणि सर्चमधून जायलाही काही दिवस लागतात. जे आपल्या हातात आहे तेवढंच कबूल करावं.

शेवटचं वाक्य मावसभावाला जास्तीचं वाटत होतं. पण विचार करा, तुमची लग्नाची साडी टेलरकडे पडलीय आणि तीच टेलर विचारतेय, छापू का? कोण नाही म्हणेल?

चौतीसपैकी एकवीस जणींनी लिहिलं. अंगठे नाही, वाक्यं. ‘पाठीमागचा गळा सांगितला त्याहून खोल झाला होता, पण बोलल्यावर अर्ध्या तासात पट्टी लावून दिली.’ ‘वीतभर कापड उरलं होतं, तेही पिशवीत ठेवलं होतं.’ आता या दुसऱ्या वाक्यापुढे पाच स्टार काय करणार? तेरा जणींना परवानगीचा मेसेज गेला. नऊ जणी हो म्हणाल्या. तिघींनी वाचून उत्तर दिलं नाही. मावसभाऊ म्हणाला, निळी टिक आलीय, म्हणजे चालेल. नाही रे राजा, निळी टिक म्हणजे फक्त वाचलं. एकदा आठवण केली आणि सोडून दिलं. एकीने सरळ नाही कळवलं. कारण आम्ही विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं: ‘शेजारच्या वहिनींकडेही शिवते मी. त्या बघतील.’ घ्या!

एक घोटाळा मात्र झालाच. एकीने लिहिलं होतं, ‘दोन दिवस उशीर झाला पण फिटिंग एकदम मस्त.’ साइटवर आलं, ‘फिटिंग एकदम मस्त.’ मावसभावाच्या मते त्याने एक शब्दही बदलला नव्हता. खरंय, बदलला नव्हता, फक्त ‘पण’च्या आधीचं सगळं उडवलं होतं. तिने परवानगी दिली होती ती ‘पण’सकट वाक्याला. आम्ही वाक्य परत पूर्ण केलं. जागेसाठी कापायचंच असेल तर कापलेलं रूप पुन्हा दाखवायचं, असं ठरलं. आणि प्रत्येक ‘हो’ मावशीच्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर उतरवून ठेवला. तारीख, कोणत्या ओळी, नाव कसं. फोन हरवतात, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंगं असतात, वही बावीस वर्षं टिकलीय.

त्या लांब मेसेजवालीला मावशीने मेसेज केला नाही. फोन केला. मी शेजारी बसले होते. मावशीने सांगितलं की आम्ही तुमचं लिहिलेलं न विचारता साइटवर टाकायला घेतलं होतं, कोणी बघायच्या आधी काढलं, चूक झाली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, विचार करून सांगते.

चार दिवसांनी उत्तर आलं. मुलीच्या सासरी ऑपरेशनचं माहीत नाही, मुलीनेच सांगितलेलं नाही, तेव्हा लग्नाचा उल्लेख नको. नाव नको, गाव नको. पण बाकीचं ठेवा. दोन्ही हातांची मापं वेगळी घेतली ते ठेवा, आतल्या कप्प्याचं ठेवा. ‘मला दोन वर्षं कळलं नव्हतं की असा ब्लाउज शिवून मिळतो. कोणी विचारायचं ते माहीत नव्हतं.’

आमच्या पहिल्या आवृत्तीत आम्ही तिचं नाव आणि मुलीचं लग्न ठळक अक्षरांत केलं होतं. कप्प्याची ओळ जागा पुरत नाही म्हणून गाळणार होतो. तिला न विचारता आम्ही नेमकं उलट करून बसलो असतो. (हा लेख लिहिण्याआधी मी तिला मजकूर वाचून दाखवला. तिने दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या बदलल्यात. लग्न राहू दे म्हणाली. ‘इथे मी कुठली, कोण, कळत नाही ना? मग असू दे.’)

पानाचं शीर्षकही बदललं. ‘आमचे समाधानी ग्राहक’ गेलं, ‘ग्राहकांनी लिहिलेलं, आम्ही निवडलेलं’ आलं. मावशी निवडूनच छापणार, जागाच तेवढी आहे. मग तसं लिहावं. सगळे अभिप्राय छापतो असा आव आणून वाईट तेवढे गाळणं, ही वेगळी गोष्ट झाली.

आता राहिली मोरपंखी ब्लाउजवाली. तिला ब्लाउज बारा दिवस उशिरा मिळाला. मदतनीस मुलगी गावाला गेली होती, आणि मावशीने फोन करून कळवलं नव्हतं. पंधरा दिवसांनी, नियमाप्रमाणे, तिलाही मेसेज गेला. पाठवू नकोस, असं मी मावशीला म्हटलंही. मावशी म्हणाली, ‘चौतीस जणींना विचारलं, हिला का नाही?’

उत्तर आलं तेरा ओळींचं. कार्यक्रमाला दुसरीच साडी नेसावी लागली, चार फेऱ्या झाल्या, दरवेळी ‘उद्या’. शेवटी एक ओळ, बसलाय मात्र अंगासरशी. मावशीने दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परवानगीचा मेसेज पाठवून दिला. खाली स्वतःची एक ओळ जोडून: ‘खरं आहे. आता उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी फोन करते.’

पाच मिनिटांत उत्तर आलं.

‘पर्याय १. आडनावासकट टाका. आणि तेराच्या तेरा ओळी.’